धास्ती शांत पत्राची

चंद्रपूर-गडचिरोलीत निकालाचे दिवस आले की एक सल्ला फुकट आणि भरपूर मिळतो. गुणपत्रिकेत चूक निघालेली असो, शिष्यवृत्ती अडकलेली असो की स्थलांतर प्रमाणपत्र हाती येत नसो, शेजारचा पदवीधर, संघटनेचा कार्यकर्ता आणि कधी कधी खुद्द प्राध्यापकही सांगतात, ‘कुलसचिवांना एक सणसणीत मेल टाक. एकही गोष्ट सोडू नकोस. राज्यपाल, मुख्यमंत्री, वर्तमानपत्रं, सगळ्यांना प्रत लाव. मग बघ कसे हलतात.’ मग एखादी मुलगी रात्र जागून बाराशे शब्द लिहिते. त्यात बसचे हेलपाटे येतात, न उचललेले फोन येतात, खिडकीवरच्या माणसाचा उर्मटपणा येतो, मागास जिल्ह्यांवरचा पन्नास वर्षांचा अन्याय येतो, उपोषणाचा इशारा येतो आणि अगदी शेवटी ‘तरी मला लवकरात लवकर न्याय मिळावा’ हे वाक्य येतं. मेल गेला की सल्लागार खूश होतात. कार्यालयातही कोणी दुःखी होत नाही, कारण असा मेल हाताळणं हे तिथलं सर्वांत सोपं काम असतं.

या सल्ल्यामागे एक पूर्ण विचारसरणी आहे, आणि ती तिच्या सगळ्या जोरासकट मांडायला हवी. ती म्हणते, आपल्याकडचं कार्यालय भीतीशिवाय हलत नाही, म्हणून राग दिसलाच पाहिजे. ती म्हणते, सगळं लिहिलं की सगळ्याची नोंद होते, उद्या कोणी ‘सांगितलंच नव्हतं’ म्हणू शकत नाही. ती म्हणते, एकच मागणी करणं म्हणजे उरलेल्या नऊ अन्यायांना माफी देणं. आणि तिचा सर्वांत धारदार मुद्दा असा की शांत भाषा हा पोट भरलेल्यांचा शिष्टाचार आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘हुजूर’ म्हणायला लावलं, त्यांच्या मुलांना पुन्हा नम्रता शिकवणारे तुम्ही कोण? ऐकायला हे सगळं बाणेदार वाटतं. तपासून पाहिलं तर यातला एकही मुद्दा उभा राहत नाही.

आधी पहिला मुद्दा, भीतीचा. कुलसचिवांच्या पत्त्यावर आलेल्या मेलचं पुढे काय होतं, हे या सल्लागारांनी कधी पाहिलं आहे का? कुलसचिव खुर्चीत बसून बाराशे शब्द वाचतील आणि त्यांना घाम फुटेल, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे असतं. प्रत्यक्षात मेलची प्रत निघते, आवक नोंदवहीत तिला क्रमांक पडतो आणि ती एखाद्या लिपिकाच्या टेबलावर जाते. त्या पत्रावर त्याला टिपणी लिहायची असते. टिपणीत तीनच गोष्टी लागतात : पत्र कोणाचं आणि कशाबद्दल, नियम काय सांगतो, आणि वरिष्ठांनी नेमका कोणता निर्णय द्यायचा. मग ‘आदेशार्थ सादर’ असं लिहून ती कक्ष अधिकाऱ्याकडे, तिथून सहायक कुलसचिव, उपकुलसचिव अशी वर जाते. राग टिपणीत मावत नाही. लिपिक बाराशे शब्दांचं सार एका ओळीत लिहितो, ‘अर्जदाराने परीक्षा विभागाच्या कारभाराबाबत तक्रार केली आहे’, आणि खाली सुचवतो, ‘पत्र संबंधित विभागाकडे पाठवण्यात यावे’. झालं. ज्या पत्राने कार्यालय हादरायचं होतं, त्याचा प्रवास एका टेबलावरून दुसऱ्या टेबलापर्यंत होऊन थांबतो. घाबरायचं कोणी आणि कशाला? ‘न्याय द्या’ या मागणीला नकार देण्याची वेळच कोणावर येत नाही, आणि नकाराची वेळ आली नाही तर जबाबदारीही कोणावर येत नाही.

उलट लांब पत्र कार्यालयाला पळवाटा पुरवतं. दहा तक्रारी असतील तर त्यांतली सर्वांत सोपी निवडून उत्तर देता येतं. दूरध्वनी उचलत नाहीत असं लिहिलं असेल, तर ‘दूरध्वनी यंत्रणेतील बिघाड दुरुस्त करण्यात आला आहे’ असं लेखी उत्तर येतं आणि फाइल बंद होते. एखाद्या कर्मचाऱ्याला ‘भ्रष्ट’ म्हटलं असेल, तर सगळं प्रकरण त्या शब्दाभोवती फिरू लागतं. पुरावा काय, भाषा अशी का, खुलासा करा. गुणपत्रिकेतली चूक बाजूला राहते आणि अर्जदारच आरोपी होतो. प्रतींचंही तेच. पंधरा जणांना प्रत लावली की प्रत्येकाला वाटतं, उरलेल्या चौदांपैकी कोणीतरी बघेल. मंत्रालयातून किंवा राजभवनातून ती प्रत ‘पुढील योग्य कार्यवाहीसाठी’ पुन्हा त्याच विद्यापीठाकडे, बहुतेक वेळा त्याच लिपिकाकडे येते. याला धाक म्हणायचं?

आता ‘रागानेच कामं होतात’ म्हणणारे मुंबई विद्यापीठाचा दाखला देतील, आणि तो द्यावाच. 2017च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचं ऑनलाइन मूल्यांकन घाईघाईने सुरू केलं. 17 लाखांहून अधिक उत्तरपत्रिका होत्या आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. विद्यार्थी रस्त्यावर आले, विधिमंडळात गदारोळ झाला, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं. बघा, संतापाने कुलगुरू गेले, असं सांगितलं जातं. पण मधली पायरी का गाळायची? तेव्हाचे राज्यपाल आणि कुलपती विद्यासागर राव यांनी विद्यापीठाला एक साधी, कोरडी तारीख दिली होती : 31 जुलैपर्यंत सर्व निकाल लावा. ती तारीख हुकली. त्या दिवशी ‘विलंब झाला’ हे कोणाचं मत राहिलं नाही, ती मोजता येणारी गोष्ट झाली. त्याच वर्षी लागू झालेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्येही अशीच मोजपट्टी आहे. परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवस ओलांडायचे नाहीत. संतापाने प्रश्न लोकांसमोर आणला, हे खरं. विद्यापीठाला कोंडीत पकडलं ते मात्र कायद्यातल्या दिवसांनी आणि आदेशातल्या तारखेने. रस्त्यावरच्या घोषणेचं काम वेगळं आणि टेबलावरच्या कागदाचं काम वेगळं, हे ज्याला कळत नाही तो दोन्हीकडे हरतो.

दुसरा मुद्दा नोंदीचा. सगळं लिहिलं की सगळ्याची नोंद होते, म्हणे. कसली नोंद? नोंद होते ती विषयाच्या ओळीची, तारखेची आणि मागणीची. जे शोधता येत नाही, ते नोंदलं असं म्हणता येत नाही. शांत, एका मागणीचं पत्र नेमकं कसं तयार होतं, हे एका नमुन्यावर बघू. समजा, भामरागड तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने बी.ए.च्या सहाव्या सत्राचे सगळे पेपर दिले आणि गुणपत्रिकेत इतिहासापुढे ‘गैरहजर’ अशी नोंद आली. अशा चुकीची कारणं मोजकीच असतात : आसन क्रमांक लिहिताना अंक उलटसुलट झाला, बारकोड जुळला नाही, किंवा गुणांची नोंद करताना एक ओळ सुटली. चूक कोणाची, हे तिला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. तिच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे. परीक्षा केंद्रावरच्या हजेरीपटावर तिच्या आसन क्रमांकापुढे तिची सही आणि उत्तरपत्रिकेचा क्रमांक आहे. केंद्र बहुधा तिच्याच महाविद्यालयात असतं, म्हणजे प्राचार्यांचं तशा आशयाचं पत्र एका दिवसात मिळू शकतं. तिच्या बाराशे शब्दांच्या मसुद्यात याचा उल्लेख आहे का? असला तर आठव्या परिच्छेदात, बसभाड्याच्या हिशेबानंतर.

तो मसुदा फाडायचा नाही. राग असेल तर तो लिहून काढावाच, फक्त पत्त्याची जागा रिकामी ठेवून. नंतर त्यातलं प्रत्येक वाक्य तीन खणांत वाटायचं : घडलेली गोष्ट, आपलं मत आणि मागणी. मतं सगळी बाहेर जातात. घडलेल्या गोष्टींतून फक्त त्याच ठेवायच्या, ज्यांच्यावाचून निर्णयच घेता येणार नाही. पेपरची तारीख, आसन क्रमांक, गुणपत्रिकेतली नोंद, हजेरीपट, आधी दिलेला अर्ज. बसचे हेलपाटे खरे असतात, संतापजनकही असतात, पण ते वाचून ‘गैरहजर’ची नोंद बदलायची की नाही हे ठरत नाही. खरी कसोटी तिसऱ्या खणात लागते. बाराशे शब्दांच्या मसुद्यात मागणी बहुधा सापडतच नाही, सापडली तर ती ‘न्याय’, ‘दखल’, ‘योग्य कार्यवाही’ अशा शब्दांत असते. मागणी अशी हवी की ती पूर्ण झाली की नाही, हे तिसऱ्या माणसालाही ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात सांगता यावं. आणि ती ज्याच्याकडे करतो, त्याच्या हातातली हवी.

इथेच भल्याभल्यांची गफलत होते. कुलसचिव हे सगळ्या विद्यापीठाचे मालक नव्हेत. ते विद्यापीठाच्या अभिलेखांचे रक्षक आहेत, अधिसभा आणि व्यवस्थापन परिषदेचे सचिव आहेत, प्रशासनाचा कारभार त्यांच्याकडून चालतो. परीक्षा आणि निकालांची जबाबदारी 2016च्या अधिनियमानुसार परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे असते. त्यामुळे ‘माझे गुण दुरुस्त करा’ अशी मागणी कुलसचिवांकडे केली, तर ‘हा विषय परीक्षा विभागाचा आहे’ हे उत्तर बरोबरच ठरतं आणि अर्जदाराचे आठ दिवस जातात. दुरुस्तीचा अर्ज आधी महाविद्यालयामार्फत परीक्षा विभागाकडेच जायला हवा, आणि त्याची पोच हातात हवी. कुलसचिवांकडे मागायची ती गोष्ट वेगळी : त्या अर्जावरचा निर्णय अमुक तारखेपर्यंत लेखी कळेल, अशी व्यवस्था. हे केलं की पत्र एवढंच उरतं :

विषय : बी.ए. सत्र 6, इतिहास, ‘गैरहजर’ नोंदीवरील निर्णय 8 जुलैपर्यंत कळवण्याबाबत (आसन क्रमांक …)

मा. कुलसचिव यांस,

बी.ए. सत्र 6 च्या गुणपत्रिकेत इतिहास विषयापुढे ‘गैरहजर’ अशी नोंद आहे. हा पेपर मी 6 मे रोजी दिला आहे. केंद्रावरील हजेरीपटावर माझी सही व उत्तरपत्रिकेचा क्रमांक असल्याचे प्राचार्यांचे पत्र सोबत जोडले आहे. दुरुस्तीचा अर्ज महाविद्यालयामार्फत 27 जून रोजी परीक्षा विभागाकडे दिला असून त्याची पोच जोडली आहे.

विनंती : या अर्जावरील परीक्षा विभागाचा निर्णय मला 8 जुलैपर्यंत याच ईमेलवर कळवण्याची व्यवस्था करावी. पदव्युत्तर प्रवेशाची अंतिम तारीख 12 जुलै आहे.

सोबत : गुणपत्रिका, प्रवेशपत्र, प्राचार्यांचे पत्र, 27 जूनच्या अर्जाची पोच.

खाली नाव, नोंदणी क्रमांक, महाविद्यालय आणि मोबाइल क्रमांक. बस्स. यात ‘कृपाभिलाषी’ नाही, ‘आपल्या चरणी’ नाही, ‘गरीब विद्यार्थिनीवर दया करावी’ नाही. आणि यातली विनंतीची ओळ लिपिकाला जशीच्या तशी टिपणीत उतरवता येते. वर आदेशासाठी काय सादर करायचं, हे अर्जदारानेच लिहून दिलेलं आहे. आता वरिष्ठांना ‘हो’ म्हणावं लागतं, ‘नाही’ म्हणून कारण द्यावं लागतं, किंवा गप्प बसावं लागतं. तिन्हींवर तारीख पडते. सणसणीत पत्राने यांतलं एक तरी साधलं होतं का?

सोबतच्या कागदांना आपल्या भागात आणखी एक अर्थ आहे. गडचिरोलीत 2011 साली गोंडवाना विद्यापीठ झालं, तोवर दोन्ही जिल्ह्यांची महाविद्यालयं नागपूर विद्यापीठाखाली होती. कार्यालय जवळ आलं, हे खरंच. पण सिरोंचाहून गडचिरोली आजही सुमारे दोनशे किलोमीटर आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागडचा रस्ता बंद होतो. निकाल आणि प्रवेशांचे दिवस नेमके तेच. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्याला ‘मूळ कागदपत्रांसह समक्ष भेटावे’ हे उत्तर म्हणजे दोन दिवस, भाडं आणि बुडालेली मजुरी. हे उत्तर येऊच नये अशी तजवीज पहिल्या मेलमध्येच करता येते. लागणारा प्रत्येक कागद जोडलेला, प्रत्येक फाइलच्या नावात आसन क्रमांक, आणि मोबाइलच्या अशक्त नेटवर्कवरही जाईल इतका लहान आकार. संतापाचे बाराशे शब्द लिहिणारे नेमके हेच विसरतात. त्यांच्या मेलला गुणपत्रिकेचा एक तिरका, अर्धवट फोटो जोडलेला असतो. मग समक्ष बोलावलं की ते पुन्हा संतापतात. अंतराचा अन्याय खरा आहे. पण त्यावर निबंध लिहिल्याने अंतर कमी होत नाही, पूर्ण कागद जोडल्याने एक खेप वाचते.

पत्र कुठे फसलं, हे उत्तरावरून ओळखता येतं. ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असं आलं, तर समजावं की मागणी ‘न्याया’सारखी मोघम होती. ‘आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ असं आलं, तर तारीख घातलेली नव्हती किंवा चुकीच्या अधिकाऱ्याला लिहिलं होतं. ‘समक्ष भेटावे’ आलं, तर कागद अपुरे होते. आणि मागणी, तारीख, कागद सगळं असूनही काहीच उत्तर आलं नाही, तर दोष पत्राचा नाही. पण तेव्हा तेच पत्र कामाला येतं, ते कसं, ते पुढे पाहू.

तिसरा मुद्दा, एक मागणी म्हणजे बाकीच्यांवर पाणी सोडणं. हा युक्तिवाद कोणाला पटत असेल, त्याने धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आठवावं. जंगलाबद्दल या गावाच्या आणि आसपासच्या गावांच्या तक्रारी काय कमी होत्या? इंग्रजांच्या काळापासून जंगल राखीव होत गेलं, लोकांचा वावर गुन्हा ठरला, आणि याच भागातला बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात राहिला. वनहक्क कायदा 2006 साली आला, 2009 साली मेंढ्याच्या ग्रामसभेला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायची वेळ आली तेव्हा वनविभाग वाहतूक परवाना देईना. परवान्याशिवाय ट्रक नाक्यावर अडतो, म्हणजे हक्क कागदावरच. इथे ग्रामसभेने शंभर वर्षांच्या शोषणाचा ग्रंथ लिहून पाठवला असता तर त्याचं कौतुक झालं असतं आणि परवाना मिळाला नसता. तिने मागणी लावून धरली ती परवान्याची. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. बाकीचे प्रश्न सुटले का? सगळे नाही. पण परवान्याचं पुस्तक हाती आल्याने जे बदललं, ते एका गावापुरतं राहिलं नाही. बांबू हे गौण वनोपज आहे आणि त्यावर ग्रामसभेची मालकी आहे, हे सरकारला सर्वांसमोर मान्य करावं लागलं. एक मागणी नेमकी निवडली की ती आपल्यामागून बाकीच्यांना ओढून आणते. दहा एकदम केल्या की त्या एकमेकींच्या आड येतात.

ज्यांचे खरोखर दहा प्रश्न आहेत, त्यांनी दहा पत्रं लिहावीत; शिष्यवृत्तीचं वेगळं, गुणपत्रिकेचं वेगळं, कर्मचाऱ्याच्या वागणुकीचं वेगळं, कारण त्यांचे निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर होतात. एकच चूक चाळीस जणांच्या बाबतीत झाली असेल तर पत्र एकच, मागणी एकच, आणि सोबत चाळीस आसन क्रमांकांची यादी. एक गोष्ट मात्र या नियमाबाहेरची आहे. रॅगिंग, लैंगिक छळ किंवा जिवाला धोका असेल, तर तो चार ओळींच्या विनंतीचा विषय नाही. त्यासाठी वेगळ्या समित्या आणि वेगळे कायदे आहेत, आणि तिथे तपशील गाळायचा नसतो. पण गुणपत्रिकेतल्या चुकीलाही अत्याचाराच्या भाषेत मांडत राहिलं, तर खऱ्या अत्याचाराची तक्रार येते तेव्हा वाचणाऱ्याचे कान आधीच बधिर झालेले असतात.

राहिला चौथा मुद्दा, स्वाभिमानाचा. शांत लिहिणं म्हणजे शरण जाणं, असं म्हणणाऱ्यांनी जोतीराव फुल्यांना काय म्हणायचं ते ठरवावं. ‘गुलामगिरी’ 1873ची, ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883चा. त्या लेखणीच्या आगीबद्दल कोणाला शंका नसावी. या दोन पुस्तकांच्या मधे, 1882च्या ऑक्टोबरात, त्याच फुल्यांनी शिक्षणाबाबत नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन ठेवलं. तिथे त्यांनी सरकारी शिक्षणाचा पैसा कोणाकडून येतो आणि कोणावर खर्च होतो हे दाखवलं आणि मागणी केली : किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिक्षक कोणत्या समाजांतून यावेत, त्यांना पगार किती असावा, इथपर्यंत ते बोलले. राग कमी झाला होता? पुढच्याच वर्षीचा ‘असूड’ वाचा. त्यांना फक्त एवढं कळलं होतं की लोकांना जागं करायचं लिखाण वेगळं आणि निर्णय घेणाऱ्याला बांधून ठेवायचं लिखाण वेगळं. फुल्यांनी केलं ते लाचारी आणि आपण करतो ती चळवळ, असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी ते खुशाल म्हणावं. खरं तर लाचारी बाराशे शब्दांच्या पत्रातच जास्त असते. जो दहा परिच्छेद शिव्या देऊन शेवटी ‘न्याय मिळावा’ म्हणतो, त्याने काय द्यायचं हे ठरवण्याचा सगळा अधिकार समोरच्याला देऊन टाकलेला असतो. जी मुलगी ‘8 जुलैपर्यंत निर्णय कळवा’ म्हणते, ती दया मागत नाही. ती हिशेब मागते.

आता शेवटचा आक्षेप, जो मनातल्या मनात सगळेच घेतात : आणि शांत पत्रालाही उत्तर आलं नाही तर? तर लढाई तिथून सुरू होते, आणि ती लढायला लागणारं एकमेव हत्यार ते शांत पत्र असतं. 9 जुलैला दोन ओळींचं स्मरणपत्र जातं, आधीच्या पत्राची तारीख आणि तीच मागणी. त्यानंतर विद्यार्थी तक्रार निवारण समिती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023च्या विनियमांनुसार या समितीने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिचा निर्णय मान्य नसेल तर 15 दिवसांच्या आत लोकपालांकडे अपील करता येतं. माहिती अधिकार कायद्याखाली ‘माझ्या अमुक तारखेच्या पत्रावरील टिपणीची प्रत’ मागता येते; उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क तर सर्वोच्च न्यायालयाने 2011 सालीच मान्य केला आहे. या प्रत्येक पायरीवर पहिला प्रश्न एकच विचारला जातो : आपण नेमकं काय मागितलं होतं आणि कधी? ज्याच्याकडे बाराशे शब्द आहेत, त्याला याचं उत्तर द्यायला पुन्हा बाराशे शब्द लागतात. जिच्याकडे वरचं पत्र आहे, ती एका ओळीकडे बोट दाखवते. 12 जुलैची प्रवेशाची तारीख कदाचित तरीही हुकेल. कुठलंच पत्र ती हमी देऊ शकत नाही. पण ती कोणामुळे हुकली, हे त्या कागदावरून सिद्ध होतं. संतापाच्या पत्रावरून फक्त एवढंच सिद्ध होतं की लिहिणारी संतापली होती.

म्हणून या जिल्ह्यांतल्या मुलांना सणसणीत मेलचा सल्ला देणाऱ्यांनी आपण कोणाची सोय करतो आहोत, ते एकदा बघावं. उद्धट, पाल्हाळिक, मागणी हरवलेलं पत्र हे आळशी कार्यालयाला मिळालेलं अभय आहे. त्यावर निर्णय घ्यावा लागत नाही, नकार द्यावा लागत नाही, सही करावी लागत नाही. ज्या कार्यालयाला काम टाळायचं आहे, त्याला तुमच्या रागाची धास्ती कधीच नव्हती. धास्ती आहे ती नेमका अधिकारी, नेमकी गोष्ट आणि नेमकी तारीख लिहिलेल्या चार ओळींची, कारण त्यांचं उत्तर देणं भाग पडतं, आणि उत्तर न देणं हाही पुरावा होतो. राग ठेवा, तो न्याय्य आहे. फक्त तो समोरच्याच्या हाती देऊ नका. त्याला कामाला लावा आणि त्याच्याकडून एक मागणी घडवून घ्या, जिच्यातून सुटायला समोरच्याला वाटच उरणार नाही.